शाईचे पेन कोरडे लिहिते किंवा डाग पाडते: फीड धुणे आणि निब सरळ करणे, वारंवार विचारले जाणारे प्रश्न

माझे पेन कधी कोरडे लिहिते, कधी एकदम थेंब टाकते. दोन्ही एकाच पेनात कसे?

दोन्ही तक्रारी बहुतेक वेळा एकाच जागेवरून येतात. निबच्या खाली जो काळा, खाचांचा तुकडा असतो त्याला फीड म्हणतात, काही जण जीभ म्हणतात. त्याच्या पाठीवर एक अगदी बारीक नाळ असते. त्या नाळेतून शाई पुढे निबकडे जाते आणि जितकी शाई गेली तितकी हवा उलट दिशेने टाकीत येते. हवा आत आली नाही तर टाकीत ओढ तयार होते, शाई अडते आणि रेघ फिकी होत तुटते. हवा एकदम आत घुसली तर तिच्या जागी तितकीच शाई बाहेर ढकलली जाते आणि कागदावर गोल डाग पडतो. नाळ अर्धवट बुजलेली असेल तर हे दोन्ही आलटून पालटून होते: आधी कोंडी, मग सुटका.

फीडच्या पोटाकडच्या बाजूला कंगव्यासारख्या ज्या पातळ खाचा दिसतात, त्या जास्तीची शाई धरून ठेवण्यासाठी असतात. तुमच्या हाताच्या उबेने टाकीतली हवा फुगली की वाढलेली शाई तिथे मुरते. खाचा वाळलेल्या शाईने भरल्या असतील तर ती मुरायला जागा उरत नाही. म्हणून कोरडेपणाची तक्रार असो वा डागांची, मी सुरुवात नेहमी धुण्यापासून करते. निबला हात त्यानंतर.

दोष फीडचा आहे की निबचा, हे पेन न उघडता कळेल का?

बऱ्याच वेळा कळते. पेन लिहिता लिहिता कोरडे पडले की बॅरल, म्हणजे पेनाची मागची नळी, काढा आणि कन्व्हर्टरची, म्हणजे आतल्या शाई ओढून भरायच्या टाकीची, मूठ हळूच फिरवून शाई थोडीशी पुढे ढकला. फीडच्या खाचा ओल्या दिसल्या की थांबा. आता लिहून पाहा.

लगेच छान, ओली रेघ आली आणि अर्ध्या पानावर पुन्हा फिकी पडली, तर निब निर्दोष आहे. तिला शाई वेळेवर पोचत नाही, म्हणजे अडचण नाळेत किंवा कन्व्हर्टरमध्ये आहे. फीड शाईने भिजलेले असूनही रेघ फिकीच राहिली, तर निबच्या मधोमध असलेली चीर आवळलेली आहे किंवा निब फीडला नीट टेकत नाही. थोडा दाब दिल्यावर रेघ गडद होते का, हेही पाहा. होत असेल तर चीर घट्ट आहे, कारण दाबाने चिरेच्या दोन्ही बाजूंची पाती विलग होतात आणि शाईला वाट मिळते.

कन्व्हर्टरमध्ये आणखी एक गोष्ट घडते. शाई मागच्या टोकाला चिकटून तशीच लटकून राहते आणि पुढे फक्त हवा असते. पेन उभे धरून बाजूने टिचकी मारल्यावर शाई खाली सरकली, तर तुमचा संशय खरा. कन्व्हर्टर साबणाच्या पाण्याने एकदा आतून धुतला की हे बहुधा थांबते.

फीड धुवायचे कसे? कोणते पाणी, किती वेळा?

साधे, कोमट किंवा थंड पाणी. गरम पाणी नको, कारण काही पेनांचे सेल्युलॉइडचे किंवा जुन्या प्लॅस्टिकचे भाग त्याने वाकतात. स्पिरिट आणि नेलपॉलिश काढायचे द्रव तर अजिबात नको. प्लॅस्टिकवर आणि बॅरलच्या चमकेवर ते कायमचे डाग पाडतात.

कन्व्हर्टर असलेल्या पेनात निब पाण्यात बुडवून मूठ फिरवत पाणी आत ओढायचे आणि बाहेर काढायचे. दहा-बारा वेळा केले की पाणी फिके होते. पण इथेच माणूस फसतो. टाकी साफ होते, फीड होत नाही. फीडच्या नाळेत बसलेली शाई एवढ्या हलक्या ओढीने निघत नाही. त्यासाठी लागतो रबरी फुगा, म्हणजे कान धुण्यासाठी वापरतात तसला. निबचा भाग बॅरलमधून काढून मागच्या तोंडाला फुग्याचे तोंड घट्ट बसवायचे आणि पाणी जोराने मारायचे. फीडच्या सगळ्या खाचांतून पाणी एकदम बाहेर येताना दिसले पाहिजे. एकाच बाजूने येत असेल तर दुसरी बाजू अजून बुजलेली आहे.

एवढ्याने निघाले नाही तर वाटीभर पाण्यात भांडी धुण्याच्या साबणाचे दोन-तीन थेंब टाका आणि निब व फीडचा भाग त्यात रात्रभर बुडवून ठेवा. सकाळी पाण्यात शाईचे धागे खाली उतरलेले दिसतात, विशेषतः खाचांच्या रेषांमधून. हे दृश्य मला नेहमी आवडते, कारण नेमकी कुठे शाई अडली होती ते तेव्हा समजते. नंतर साध्या पाण्याने पाच-सहा वेळा फुगा मारून साबण पूर्णपणे काढा. साबण उरला तर शाईचा पृष्ठताण घटतो आणि पेन गळू लागते.

पेन धुऊन झाले हे कसे ओळखायचे?

पाणी स्वच्छ दिसतेय म्हणजे झाले, असे नाही. निब एका पांढऱ्या टिशू कागदावर अर्धा मिनिट टेकवून ठेवा. कागदात पाणी शोषले जाईल आणि त्याच्या कडेला शाईचे वर्तुळ उमटले तर अजून शाई आहे. वर्तुळ रंगहीन येईपर्यंत धुवा.

मग वाळवणे. फीडमध्ये पाणी राहिले तर नव्या शाईच्या पहिल्या दोन पानांवर रंग पातळ येतो आणि लोकांना वाटते पेन अजूनही बिघडलेलेच आहे. निब खाली करून, घडी घातलेल्या टिशूवर टेकवून पेन एका पेल्यात उभे करा. कागद पाणी ओढून घेईल. रात्रभर ठेवा.

अमोनिया किंवा व्हिनेगर वापरू का?

आधी साबण. त्यानेही हट्टी शाई निघाली नाही, तरच घरगुती अमोनिया एक भाग आणि पाणी दहा भाग असे पातळ करून, साबणाचा एखादा थेंब टाकून. खिडकी उघडी ठेवा, काही मिनिटांत काढून भरपूर पाण्याने धुवा, आणि ब्लीचजवळ ते कधीही नेऊ नका, कारण दोन्ही मिसळले की विषारी वायू तयार होतो. पितळी किंवा अॅल्युमिनियमचे भाग पेनात असतील तर अमोनिया वर्ज्य.

लोहयुक्त शाईची गोष्ट मात्र उलटी आहे. लिहिल्यावर फिकी दिसणारी आणि कागदावर हळूहळू काळी पडणारी ती शाई. अमोनियासारख्या क्षारीय द्रवाने तिच्यातले लोह साकळते आणि ज्या नाळेतून काढायचे त्याच नाळेत जाऊन बसते. अशा पेनाला आधी साध्या पाण्याने पुष्कळ धुवायचे आणि गरज पडली तर व्हिटॅमिन सीची पूड पाण्यात विरघळवून त्याने.

चित्रकलेची शाई, ज्यात लाख घातलेली असते, फाउंटन पेनमध्ये भरू नये. ती वाळली की नाळ पाण्याने उघडत नाही, आणि ते फीड बहुतेकदा वाया जाते.

निब आणि फीड बाहेर काढावेत का?

शक्य तितके टाळा. फुग्याने आणि रात्रभराच्या भिजवणीने बहुतेक पेने सुटतात. ज्या पेनात निब, फीड आणि त्यांचे छोटे नळकांडे आट्यांनी एकत्र बसवलेले असते, ते फिरवून सहज निघते. जी फक्त घट्ट दाबून बसवलेली असतात, ती काढायची असतील तर निबची पाठ आणि फीडचे पोट अंगठा व बोटाच्या मध्ये, रबराच्या तुकड्याने धरून सरळ ओढायचे. हलवत, पिळत नाही. फीडच्या पातळ खाचा एकदा मोडल्या तर जुळत नाहीत, आणि निब तिरकी ओढली गेली तर तिची पाती वाकतात. काढण्यापूर्वी फीडचे टोक निबच्या टोकापासून किती मागे होते, त्याचा एक जवळून फोटो काढून ठेवा. परत बसवताना हाच फोटो उपयोगी पडतो.

निब पाहायची कशी? नुसत्या डोळ्याने काही दिसत नाही.

दहापट मोठे दाखवणारे भिंग घ्या, घड्याळजी डोळ्याला लावतात तसले. निबचे टोक स्वतःकडे करून समोरून पाहा, प्रकाश मागून यावा. निबला मधोमध एक चीर असते, तिच्या मागच्या टोकाला बहुधा एक छिद्र असते. तिने निब दोन पात्यांत विभागलेली असते आणि प्रत्येक पात्याच्या टोकावर कठीण धातूचा बारीक गोळा असतो. दोन्ही गोळे एका पातळीवर, एकमेकांना समोरासमोर असायला हवेत. एक वर, एक खाली दिसला की निब चुकली.

मग पेन आडवे करून चीर वरून पाहा. छिद्राजवळ ती उघडी आणि टोकाकडे निमुळती होत गेलेली हवी, म्हणजे प्रकाशाची रेघ टोकापर्यंत बारीक होत जाते. छिद्रापासून टोकापर्यंत अंधारच असेल तर पाती एकमेकांना दाबून बसली आहेत, पेन कोरडे लिहिणारच. टोकाशीच मोठी फट असेल तर शाई त्या फटीतून पुढे पोचत नाही, रेघ तुटते, आणि ज्या ठिकाणी पोचते तिथे गरजेपेक्षा जास्त पोचते. पेन दाबून लिहिणाऱ्यांच्या निबमध्ये हे सर्रास दिसते.

भिंग नसेल तर कागदाला विचारून पाहा. मोकळ्या हाताने, दाब न देता इंग्रजी आठच्या आकाराचे आडवे फेरे काढा. एकाच दिशेला खरखर लागत असेल तर पात्यांची पातळी बिघडलेली आहे. पेन उजवीकडे सरकताना खरखर असेल तर डावे पाते खाली आलेले असते. त्याची आतली कड कागदात घुसते. डावीकडे सरकताना असेल तर उलटे. सगळ्या दिशांना सारखीच खरखर असेल, तर टोक मुळातच खडबडीत असू शकते.

पाती एका पातळीवर कशी आणायची?

नखाने, आणि घाई न करता. पेनात शाई नसावी, निब कोरडी असावी. जे पाते खाली आहे त्याला खालून अंगठ्याच्या नखाने वर उचलायचे, किंवा वर आलेल्याला वरून खाली दाबायचे. स्टीलच्या निबला स्प्रिंग असते, ती परत येते, म्हणून तिला हव्या असलेल्या जागेच्या किंचित पलीकडे नेऊन तीन-चार सेकंद धरावे लागते. किंचित म्हणजे केसाएवढे. सोडा, भिंगातून पाहा, पुन्हा. मी एका वेळी एकच हालचाल करते आणि प्रत्येक हालचालीनंतर भिंग डोळ्याला लावते, कारण जास्त झालेली हालचाल उलटवताना धातूवर पुन्हा ताण येतो. सोन्याची निब मऊ असते, तिला अर्ध्याहून कमी दाब पुरतो.

चीर घट्ट असेल तर 0.05 मिलिमीटर जाडीच्या पितळी पत्र्याची पट्टी चिरेत छिद्राच्या बाजूने सरकवून टोकाकडे दोन-तीनदा फिरवा. ती कागदाचे तंतू आणि वाळलेली शाईही काढते. पट्टी तिरपी करून जोर लावू नका, नाहीतर चिरेच्या कडा ओरबडतील. एवढ्याने प्रकाश दिसला नाही, तर पाती वरच्या बाजूने नखांनी अगदी हलके बाजूला ढकलून पाहा. उलट, टोकाशी फट जास्त असेल तर एक पाते दुसऱ्याच्या खाली हळूच सरकवून मग परत वर आणायचे, नंतर दुसऱ्या बाजूने तसेच. याने पाती एकमेकांकडे येतात.

अजून एक सांगते, कारण हे फार जण उलट करतात. खरखर लागली की ते लगेच पॉलिश कागदावर निब घासतात. टोकाचा कठीण धातू घासला की परत येत नाही, आणि पाती चुकलेली असताना घासले तर दोन्ही टोके चुकीच्या आकारात गोल होतात. जास्त घासलेल्या टोकाच्या चिरेच्या दोन्ही कडा इतक्या गोल होतात की शाई कागदापर्यंत पोचत नाही. पेन प्रत्येक शब्दाच्या सुरुवातीला अडते. पातळी आधी, घासणे सर्वात शेवटी, आणि बहुधा लागतच नाही.

निब सरळ आहे, फीड साफ आहे, तरी डाग पडतात. मग?

निब फीडला टेकते आहे का ते बाजूने, उजेडाकडे धरून पाहा. दोघांच्या मध्ये फट दिसली तर तिथे हवा शिरते आणि शाईचा थेंब साठतो. फीड चिरेच्या बरोबर मध्ये आहे ना, हेही पाहा. फीड एबोनाइटचे, म्हणजे कडक रबराचे, असेल तर त्याला उबेने आकार देता येतो: उकळून आचेवरून उतरवलेल्या पाण्यात फक्त निब आणि फीडचा पुढचा भाग पंधरा-वीस सेकंद बुडवा, बाहेर काढून निबवर अंगठ्याने दाबा आणि थंड पाण्यात धरा. बॅरल, ग्रिप पाण्यात जाता कामा नये. प्लॅस्टिकच्या फीडला हे चालत नाही. त्याच्या बाबतीत निब पुन्हा बसवून पाहणे किंवा नवे फीड हाच उपाय.

कन्व्हर्टरचे तोंड सैल असेल तर तिथूनही हवा शिरते. हलवल्यावर डुगडुगत असेल तर बदला. थेट बॅरलमध्ये शाई भरायच्या पेनात शाई एक तृतीयांशाखाली गेली की थेंब पडणे साहजिक आहे, कारण मोठ्या हवेच्या पोकळीला हाताची उब लगेच लागते. त्यावर उपाय म्हणजे वेळेवर भरणे. अशा पेनाच्या आट्यांना सिलिकॉन ग्रीसचा पातळ थर द्यावा. पेट्रोलियम जेली नको.

प्रत्यक्षात हे सगळे कसे उलगडते? एखादे उदाहरण द्या.

माझ्या एका पेनाचे सांगते. स्टीलची मध्यम निब, कन्व्हर्टर, गडद निळी शाई. ते चार महिने भरलेलेच खणात राहिले होते. उघडल्यावर पहिल्या पाच-सहा ओळी छान, मग रेघ फिकी, आणि एका लांब उभ्या दांडीवर पेन थांबलेच. मी झटकले. डाग पडला, वहीच्या दोन पानांतून आरपार गेला.

मूठ फिरवून शाई पुढे ढकलली, पेन पुन्हा सहा ओळी लिहू लागले. म्हणजे निब ठीक, शाईचा पुरवठा नाही. कन्व्हर्टरने बारा वेळा पाणी ओढले, पाणी स्वच्छ झाले. फुगा लावल्यावर मात्र पाणी डाव्या खाचांतूनच आले. रात्रभर साबणाच्या पाण्यात ठेवले, सकाळी वाटीच्या तळाशी निळ्याचा दाट थर होता, आणि दुसऱ्यांदा फुगा मारल्यावर पाणी दोन्ही बाजूंनी सारखे आले. टिशूवरचे वर्तुळ चौथ्या वेळी रंगहीन झाले.

वाळवून शाई भरली. आता पेन अखंड लिहीत होते, पण उजवीकडे जाताना बारीक खरखर, जी आधी कोरडेपणात जाणवली नव्हती. भिंगातून डावे पाते साधारण केसभर खाली दिसले. बहुधा झटकताना किंवा टोपण लावताना लागले असावे. शाई काढून टाकली, निब पुसली, नखाने पाते खालून वर उचलून चार सेकंद धरले. पहिल्या वेळी काहीच बदलले नाही. तिसऱ्या वेळी गोळे समोरासमोर आले. मी तिथेच थांबले. शाई पुन्हा भरून दोन पाने सलग लिहिली, सगळ्या ओळी सारख्याच गडद आल्या.

पेन किती दिवसांनी धुवायचे?

रोज लिहीत असाल तर दोन-तीन महिन्यांतून एकदा, आणि शाईचा रंग किंवा प्रकार बदलताना प्रत्येक वेळी. चकाकणाऱ्या कणांच्या शाईला दर भरणीनंतर धुणे चांगले. ते कण खाचांत बसतात. आठवडाभराहून जास्त पेन बाजूला ठेवायचे असेल तर रिकामे करून, धुऊन ठेवा. नवे पेन भरण्यापूर्वीही साबणाच्या पाण्याने एकदा धुतलेले बरे, कारण कारखान्यातले तेल फीडमध्ये उरलेले असते आणि नव्या पेनाच्या कोरडेपणाचे ते एक नेहमीचे कारण आहे.

कुठे थांबून कारागिराकडे द्यावे?

निबवर छिद्रापासून बाजूला जाणारी बारीक भेग दिसली, टोकाचा एक गोळा गळून पडला असेल, किंवा निब पडून पाते वळले असेल, तर नखाने काही होत नाही. सोन्याच्या निबवर अशी भेग असेल तर तिला हातही लावू नका. तुमच्या एका दाबाने ती वाढते आणि मग कारागिरालाही ती जोडायला अवघड होते. पेन त्याच अवस्थेत, धुऊन, टोपण न लावता मऊ कापडात गुंडाळून द्या.